नावं ठेवून घेण्याची तयारी

तीन तांत्रिक फेऱ्या पार पडल्या. चौथी हायरिंग मॅनेजरची, म्हणजे ज्याच्या हाताखाली पुढची काही वर्षं काढायची त्याची, असं कळलं आणि मी निर्धास्त झालो. कोड लिहायचा नाही, आकृत्या काढायच्या नाहीत. पाऊण तास नुसतं स्वतःबद्दल बोलायचं. हे काम मी एरवी फुकट करतो.

बायको दुसऱ्या कंपनीत अशाच मुलाखती घेते. जेवणं झाल्यावर तिने टेबल पुसलं, समोर बसली आणि विचारलं, "आमच्याकडे का यायचंय?"

"नवी आव्हानं पेलायला—"

"खरं कारण?"

"बढती दुसऱ्याला दिली. आणि हिंजवडीचा चौक."

"हे झालं कुठून पळतोयस ते. कुठे निघालायस ते सांग." तिने जाहिरात उघडली. हाताने होणारं टेस्टिंग मोडून स्वयंचलित करायचं, असं त्यात तिसऱ्याच ओळीत होतं. दोन वर्षं मी नेमकं तेच केलंय. फक्त पगाराचा आकडा शोधण्याच्या नादात ती ओळ वाचायची राहिली होती.

कार्यशैलीच्या प्रश्नाला मी "टीममध्ये मिसळून काम करतो" म्हणालो. ती म्हणाली, "मिसळतं ते मीठ. तू मंगळवारी काय केलंस ते सांग." मंगळवारी मी अकरापर्यंत मेल बंद ठेवून बगांची यादी लावली होती. एका मुद्द्यावर वाद होणार हे दिसत होतं, म्हणून मीटिंगच्या आधी माझं म्हणणं पानभर लिहून सगळ्यांना पाठवलं. "हीच तुझी कार्यशैली. आणि त्यांची कशी आहे तेही विचार, तुलाच राहायचंय तिथे."

मग फीडबॅक. माझं उत्तर तयार होतं: "मी फार परफेक्शनिस्ट आहे, असं मला सांगण्यात आलं." तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

इथे आत्याबद्दल सांगायलाच हवं. मराठीत बाळाला नाव ठेवतात आणि माणसाला नावं ठेवतात, फरक एका टिंबाचा. आमच्या आत्याने दोन्ही खाती सांभाळली. बारशाला कानात कुर्रर्र करून नाव ठेवलं ते एकदाच. नावं ठेवतेय ती आजतागायत. पण तिचं एक मानलं पाहिजे, ती मोघम कधी बोलली नाही. "आमटी बिघडली" असं नाही, "चिंच बोटभर जास्त झाली." "पोरगा वाया गेला" असं नाही, "पाहुणे आले की हा मान वर करत नाही." आई यावर "हो" एवढंच म्हणायची. पुढच्या आमटीत चिंच बरोबर बोटभर कमी असायची. फीडबॅक कसा द्यावा आणि कसा घ्यावा याचं संपूर्ण शास्त्र आमच्या स्वयंपाकघरात होतं आणि मी ते दारामागून चोरून ऐकत होतो, मान वर न करता.

"आता खरा प्रसंग सांग," बायको म्हणाली. मी प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम या प्रसिद्ध साच्यात बसवून सुरुवात केली. दोन मिनिटांतलं दीड मिनिट प्रसंगातच गेलं. "प्रसंग दोन वाक्यांत. तू काय केलंस त्याला वेळ दे."

दोन वाक्यांत मग ते बाहेर आलंच. नव्या मुलीच्या पहिल्या मोठ्या कोडवर मी त्रेचाळीस शेरे मारले, त्यातले तीसेक मोकळ्या जागा आणि नावांबद्दलचे. महिन्याने मॅनेजर म्हणाले, "ती आता तुला काही विचारत नाही, लक्षात आलंय का?"

"मग तू काय केलंस?"

"वीस मिनिटं वाद घातला."

"हेही सांग. त्यानंतर?"

त्यानंतर मोकळ्या जागांचं काम एका टूलवर सोपवलं. किरकोळ शेऱ्याआधी `nit:` लिहायला लागलो, म्हणजे हे न बदललं तरी चालेल. आणि दहापेक्षा जास्त शेरे झाले तर लिहायचं थांबवून फोन करायला लागलो. परिणाम? पुढे आलेला मुलगा दिवसातून चारदा विचारतो.

"आणि ती?"

ती तोवर दुसऱ्या टीममध्ये गेली होती. साच्यात याला रकाना नव्हता. बायकोही थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे लपवू नकोस. पण एक अजून, समोरच्याचा प्रश्न—"

"—पुरता ऐकत नाही? असं काही नाही, मी—"

तिने फक्त पाहिलं. मला आईचा "हो" आठवला. तो म्हणायला तेवीस सेकंद लागले. तिने मोजले होते.

मुलाखतीच्या दिवशी मी ठरवलं की मुलाखत घेणाऱ्या मॅडमचा प्रत्येक प्रश्न संपू द्यायचा, वर मनातल्या मनात दोन आकडे मोजायचे. पहिला प्रश्न संपला. एक. दोन. खात्रीसाठी तीन. चार.

"हॅलो?" स्क्रीनवरून आवाज आला. "तुमचं नेटवर्क गेलंय का?"