कारणं पुरवणारा बापू

प्रत्येक वर्गात एक बापू असतो. हजेरीपटावर त्याचं नाव काहीही असो, आलेख वर गेला की का गेला आणि खाली आला की का आला, हे तो अक्षांवर काय लिहिलंय ते वाचायच्या आत सांगतो. आमचा बापू कड्याचा. म्हणजे कड्यापासून थोडं आत, वस्तीवरचा. घरी कांदा, दोन एकर कपाशी, चार म्हशी आणि बोलायला भरपूर वेळ. सप्टेंबर २०२२ मध्ये नगर–आष्टी रेल्वे सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने सिद्धांत मांडला होता : "आता एसटीचे पॅशिंजर घटणार, मग एसटी फेऱ्या कमी करणार, मग रेल्वेत उभं राहायला जागा उरणार नाही, मग लोक परत एसटीकडं. ह्यालाच लोट्का-वोल्टेरा म्हणतात, सर."

ह्याला लोट्का-वोल्टेरा म्हणत नाहीत. पण बापूला हे सांगण्यात अर्थ नसतो, कारण तोवर तो कांद्याच्या भावावर गेलेला असतो.

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या वर्गाला मी भक्षक-भक्ष्याचा रिपोर्ट लिहायला दिला. पुस्तकात कॅनडातले लिंक्स आणि ससे असतात. आष्टी तालुक्यात लिंक्स कोण बघणार, म्हणून मी कपाशीवरचा मावा घेतला आणि त्याला खाणारा ढालकिडा. समीकरणं तीच, १९२५ साली लोट्काने आणि १९२६ साली वोल्टेराने मांडलेली :

```
dN/dt = rN − aNP
dP/dt = bNP − mP
```

N म्हणजे झाडावरचा मावा, P म्हणजे ढालकिडे. मावा r दराने वाढतो आणि गाठ पडेल तसा खाल्ला जातो. ढालकिडा खाल्लेल्यातून वाढतो आणि m दराने मरतो. आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून मीच ठरवून दिले : r = 0.5, a = 0.1, b = 0.005, m = 0.5, सगळे आठवड्यामागे. सुरुवात झाडामागे १५० मावा आणि ५ ढालकिडे अशी.

बापूने एक्सेल उघडलं, B मध्ये मावा आणि C मध्ये ढालकिडा घेतला आणि एकेक आठवड्याची पायरी धरून सूत्र खाली ओढलं :

```
B3:  =B2+B2*(0.5-0.1*C2)
C3:  =C2+C2*(0.005*B2-0.5)
```

सूत्रात चूक काहीच नाही. ही ऑयलरची पद्धत. आत्ताचा वेग मोजायचा, तोच वेग पुढचा आठवडाभर टिकेल असं धरायचं आणि पुढची ओळ लिहायची. आलेख मोठा देखणा आला. मावा १५० वरून उतरत सहाव्या आठवड्याला २९ वर आला, ढालकिडा आधी ९ वर चढला आणि बाराव्या आठवड्याला पाऊणावर घसरला. मग माव्याने जी उसळी घेतली ती सतराव्या आठवड्याला थेट ४६६ वर! पहिलं शिखर १५०, दुसरं तिपटीहून जास्त.

असं शिखर दिसल्यावर बापू गप्प बसेल, अशी अपेक्षा त्याच्या आईनेही कधी केली नसेल. रिपोर्टात 'निष्कर्ष व चर्चा' या मथळ्याखाली साडेचार पानं होती. ढालकिड्यांची उपासमार झाली, एक पिढी वाया गेली, मधल्या काळात ढगाळ हवेने माव्याला पोषक वातावरण मिळालं, निसर्गाचा तोल ढळला. शेवटी शासनाला दोन शिफारशीही होत्या.

"बापू, समीकरणात ढगाळ हवा कुठंय?"

"समीकरणात नाही सर, पण आमच्या रानात व्हती ना."

ज्या समीकरणांवरून हा सगळा पट उभा राहिला, ती तिपटीचं शिखर देऊच शकत नाहीत. या आकड्यांवर त्यांचं खरं उत्तर एक बंद वळसा आहे. मावा ६३ ते १५० मध्ये फिरतो, ढालकिडा ३ ते साडेसातमध्ये, आणि सुमारे तेरा आठवड्यांनी दोघं निघाले तिथेच परत येतात. पुढच्या फेरीला पुन्हा १५०, त्याच्या पुढच्या फेरीलाही १५०. ४६६ हा आकडा आठवड्याच्या लांब पायरीने तयार केला. वळणावरून सरळ पुढे टांग टाकली की पाय दर वेळी वळसा सोडून थोडा बाहेर पडतो. सतरा टांगांत बापू पार बांधाबाहेर गेला आणि तिथे जे दिसलं त्याला त्याने ढगाळ हवेचं कारण लावलं.

हे ओळखायचे दोन मार्ग आहेत. एक, पायरी लहान करायची. आठवड्याऐवजी दिवसाची पायरी धरली, तर दुसरं शिखर १५० च्या थोडंच वर राहतं. पायरीबरोबर बदलणारी गोष्ट माव्याची नसते. दुसरा मार्ग जास्त पक्का. या समीकरणांत एक बेरीज अशी आहे की ती वळशाभर बदलत नाही :

```
V = bN − m ln N + aP − r ln P
```

शेजारच्या D रकान्यात ही काढायची आणि बघायचं. ती स्थिर असेल तर हिशेब ठीक, चढत गेली तर पायरी मोठी आहे. बापूच्या D रकान्यात ती चढतच गेली असती. पण बापूने D रकान्यात 'शेरा' असं शीर्षक देऊन कारणं लिहिली होती.

खरी गंमत पुढे झाली. मागच्या बाकावरच्या एकाने बापूची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि सूत्र पुन्हा टाइप करताना C3 मध्ये B2 च्या जागी चुकून B3 टाकलं. म्हणजे ढालकिड्याला गेल्या आठवड्याचा मावा न देता या आठवड्याचा दिला. त्याचा वळसा थोडा तिरपा, पण जवळजवळ बंद आला. ही चूक म्हणजे गणितात मुद्दाम वापरली जाणारी एक पद्धत आहे, तिच्यात वळसा बाहेर सांडत नाही. नक्कल बरोबर आणि अस्सल चूक, असा प्रसंग मास्तरकीत क्वचित येतो. बापूने त्यालाही कारण दिलं : "त्येचं रान काळं हाय सर, आमचं मुरमाड."

समरेषांपाशी मात्र बापूने माझा चांगलाच वेळ खाल्ला. आडव्या अक्षावर मावा, उभ्यावर ढालकिडा. मावा वाढतही नाही आणि घटतही नाही, अशा बिंदूंची रेषा म्हणजे माव्याची समरेषा. पहिलं समीकरण शून्य केलं की P = r/a, म्हणजे ५. ही रेषा आडवी, ढालकिड्याच्या अक्षावर पाच लिहिलंय तिथे. ढालकिड्याची समरेषा N = m/b, म्हणजे १००, आणि ती उभी. बापूने नावांची अदलाबदल केली होती, कारण "पाच ढालकिड्यांवर रेघ हाय म्हंजे ती ढालकिड्याचीच असणार." असं बहुतेकांना वाटतं. रेषा कोणाच्या आकड्यावर उभी आहे यावरून ती कोणाची हे ठरत नाही, ती कोणाला थांबवते यावरून ठरतं. झाडामागे पाच ढालकिडे असले की मावा थांबतो, म्हणून ती माव्याची.

नावं जागेवर आली की मग विचित्र गोष्ट दिसते. वळशाभराची सरासरी काढली की ती दोन्ही समरेषा छेदतात तिथेच पडते. म्हणून ढालकिड्यांची सरासरी r/a, म्हणजे तिच्यात फक्त माव्याचे आकडे. माव्याची सरासरी m/b, तिच्यात फक्त ढालकिड्याचे. युरिया जास्त पडला, कपाशी कोवळी राहिली, मावा जोरात वाढायला लागला, म्हणजे r वाढला, तर या समीकरणांप्रमाणे सरासरीत मावा वाढत नाही, ढालकिडे वाढतात.

आता फवारणी घ्या. दोघांनाही मारणारं औषध आहे आणि ते आठवड्याला 0.1 दराने दोघांना मारतं असं धरू. मग r झाला 0.4 आणि m झाला 0.6. समरेषा कुठे गेल्या? ढालकिडा ५ वरून ४ वर आला, मावा १०० वरून १२० वर गेला. औषध माव्यावर मारलं आणि मावाच वाढला. वोल्टेराकडे हाच प्रश्न माशांच्या रूपात आला होता. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी थंडावली, तेव्हा बाजारात शार्कसारख्या भक्षक माशांचं प्रमाण वाढलेलं उंबेर्तो द'आंकोनाला दिसलं. मासेमारी ही दोघांवरची फवारणीच, ती थांबली तर फायदा भक्षकाचा.

इथे बापू प्रथमच लिहायचं थांबला. "आमचं म्हातारं ह्येच म्हणतंय सर, फवारलं की मावा उलट पेटतो. आमाला वाटायचं दुकानदारानं पाणी घातलं."

म्हाताऱ्याचं निरीक्षण या गणिताशी जुळतं, पण म्हणून गणित सिद्ध झालं असं नाही. फवारणीनंतर मावा वाढायला औषधाला सरावलेला मावा हेही कारण असू शकतं. शिवाय खरा मावा या समीकरणांसारखा वागत नाही. त्याची मादी नराविना थेट पिल्लं देते, गर्दी झाली की पंखवाला मावा जन्मतो आणि दुसऱ्या रानात जातो. ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि भक्ष्य संपलं तर तो उपाशी बसून मरत नाही, शेजारच्या ज्वारीवर उडतो. समीकरणात ना शेजारची ज्वारी आहे, ना पानाची मर्यादा.

दुसऱ्या खेपेला बापूने रिपोर्ट आणला त्यात वळसा बंद होता, पण बाण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. मावा आडवा घेतला तर बाण उलटे फिरायला हवेत : आधी मावा वाढतो, मागून ढालकिडा, मग मावा पडतो, मागून ढालकिडा. पाव फेरीचं हे मागे राहणं हीच या आवर्तनाची ओळख. बापूने अक्षांची अदलाबदल केली होती आणि खाली 'दुर्मीळ विपरीत आवर्तन' असं लिहिलं होतं. वर पुरावा म्हणून त्याने आपल्याच जिल्ह्यातलं लऊळ काढलं. माजलगावजवळच्या या गावात २०२१ मध्ये वानरांनी कुत्र्याची पिल्लं उचलून नेल्याच्या बातम्या आल्या होत्या. "भक्ष्य कोण आणि भक्षक कोण, काय सांगता येतं का सर?"

मी त्याला हसणार होतो, पण हा प्रश्न मोठ्या माणसांनाही पडलेला आहे. लिंक्स आणि सशांच्या नोंदींचे काही तुकडे असेच उलट्या दिशेने फिरतात. १९७३ मध्ये गिल्पिनने त्यावरच्या लेखाला शीर्षकच दिलं होतं : ससे लिंक्सला खातात का? त्या नोंदी जंगलातल्या मोजणीच्या नव्हत्या, कातडी विकत घेणाऱ्या कंपनीकडे आलेल्या मालाच्या होत्या. कातडी किती येतात हे सापळे लावणाऱ्यांवरही अवलंबून असतं. ससे तिथे निर्दोष आहेत. बापूच्या आलेखातला मावाही निर्दोष आहे, दोष अक्षांचा.

तिसऱ्या खेपेचा रिपोर्ट दोन पानांचा होता. पायरी दिवसाची, D रकान्यात V, समरेषांची नावं जागेवर. चर्चेत एकच वाक्य : 'वरील चढउतार समीकरणातून आलेले असून रानातील मोजणी केलेली नाही.' त्याला मी दहापैकी आठ दिले. दोन कापले, कारण त्या वाक्याखाली पेन्सिलीने 'तरीपण ढगाळ हवामान' असं लिहून अर्धवट खोडलं होतं.

तुमच्या घरात कोणी असा रिपोर्ट लिहीत असेल, तर शिखराखाली कारण लिहायच्या आधी त्याला पायरी निम्मी करून बघायला सांगा. शिखर खाली आलं तर साडेचार पानं वाचतील, आणि तपासणाऱ्याचा रविवारही.