फेज गेला आणि नेट आलं

आमचं घर 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर बांधलेलं. पुराचा धसका घेतलेल्या आजोबांनी भिंती अशा जाड बांधून घेतल्या की पुन्हा पाणी आलंच तर त्यानं लाजून मागे फिरावं. पाणी आलं नाही, पण वायफायही वरच्या मजल्यावर आलं नाही. राउटर खाली, माझं ऑफिस वर, आणि मध्ये आजोबांची दूरदृष्टी. केबल ओढायची तर भिंतीला भोक पाडावं लागणार, आणि माझे वडील, आप्पा, हयात असताना त्या भिंतीला खिळासुद्धा विचारून ठोकावा लागतो.

म्हणून पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी आणली. एक डबा राउटरला जोडून खाली भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा, दुसरा वर. मधलं काम घरातली विजेची वायर करते. वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे खात असते. त्याच वायरीवर हे डबे सेकंदाला काही कोटी हेलकाव्यांचा एक बारीक सिग्नल सोडतात. दोघांच्या चालीत इतका फरक, की एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. खोक्यावर ठळक 1200 लिहिलेलं होतं. हा आकडा प्रयोगशाळेतल्या आदर्श वायरीवर काढलेला असतो. थोडक्यात, लग्नाच्या बायोडेटातला पगार.

वर मला मिळाले 11.

आईने विचारलं, "हजारातले अकरा?" आप्पा म्हणाले, "डबे परत कर."

पण डब्यांचा दोष आहे की घराचा, हे ठरवायची एक सोपी रीत आहे. दोन्ही डबे शेजारशेजारच्या सॉकेटमध्ये खोचायचे आणि वेग मोजायचा. हा आपल्या घरातला कमाल वेग. याच्या वर काही मागायचं नाही. आमच्याकडे तो 320 आला. म्हणजे डबे निर्दोष. आप्पांना हे सांगणं अवघड गेलं, कारण उरला तो आरोपी त्यांच्या वडिलांनी बांधला होता.

वायरमनमामांना बोलावलं. त्यांनी जिन्यातल्या जंक्शनचं झाकण काढलं आणि आत पाहून नकळत चप्पल काढली. आत साठ वर्षांचा इतिहास पिळून बसला होता. रबरी कव्हरची जुनी वायर, तिला पिळलेली ॲल्युमिनियमची, तिला पिळलेली तांब्याची, आणि सगळ्यांवर वाळून कडक झालेली काळी टेप. दिवा लावायला असा सांधा पुरतो. विजेला फारशी चिकित्सा नसते. पण आमचा बारीक सिग्नल अशा प्रत्येक सांध्यापाशी अडखळतो आणि त्यातला काही भाग आला तसा मागे फिरतो. काही न जोडलेल्या, नुसत्या लोंबत्या फाट्यांतूनही तो परततो आणि मागून येणाऱ्या सिग्नलवरच आदळतो. डबे तसे हुशार असतात. ते सिग्नल हजाराहून जास्त बारीक पट्ट्यांत वाटतात आणि ज्या पट्टीत गोंधळ आहे तिच्यावर कमी ओझं टाकतात. आमच्या घरात बहुतेक पट्ट्या आराम करत होत्या. शिवाय नव्या जातीचे डबे अर्थिंगच्या वायरीचाही रस्ता म्हणून उपयोग करतात. वरच्या सॉकेटला तिसरं भोक होतं. त्याच्या मागे मात्र भिंत होती.

मामांनी सांधे कापून नीट बांधले. 11 चे 19 झाले. आप्पा म्हणाले, "बघ, वाढतंय."

खरा उलगडा झाला तो वीज गेल्यावर. त्या संध्याकाळी वरचा मजला अंधारात, खाली लख्ख. आजोबांनी विहिरीच्या मोटरसाठी तीन फेजचं कनेक्शन घेतलं होतं. विहीर बुजली, फेज राहिले: खालचा मजला लाल फेजवर, वरचा पिवळ्यावर. आणि पिवळा गेला होता. आप्पा उठले, मीटरपाशी गेले आणि सराईतपणे चेंजओव्हर फिरवून वरचा मजलाही लाल फेजवर घेतला. खालून ओरडले, "आली का?"

वीज आली होती. आणि वेग होता 94.

मी वरून "नका फिरवू परत!" असं ओरडलो, ते शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं.

कारण साधं होतं. दोन फेजच्या वायरी डीपीपर्यंत एकमेकींना कुठेच जोडलेल्या नसतात. इतके दिवस माझा सिग्नल लाल वायरीतून पिवळ्या वायरीत पोचत होता तो केवळ मीटरच्या खोक्यात दोघी अंगाला अंग लावून जातात तिथे, गळतीच्या रूपाने. त्या गळतीवर मी पगार कमावत होतो. तुमच्याकडे दोन मजल्यांत असं होत असेल तर मेन स्विचपाशी जाऊन कुठला मजला कुठल्या फेजवर आहे ते आधी पाहावं. डबे बदलून काही होत नाही.

मग अख्खं घर लाल फेजवरच का ठेवू नये? ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर गिझर, खाली गिझर आणि इस्त्री एकत्र आले. एक गिझर 2000 वॅटचा म्हटला तरी नऊ-एक अँपियर खातो, आणि आमचं किटकॅट 15 चं. आप्पा साबण लावलेल्या अवस्थेत फ्यूजची तार शोधत होते. शेवटी मामांनी माझ्या खोलीच्या सॉकेटपुरती अर्थिंगसकट वेगळी वायर लाल फेजवरून ओढून दिली. वरचा गिझर पिवळ्यावर परत गेला.

तरी वेग मधूनच निम्मा व्हायचा. इथे मात्र आजोबा निर्दोष सुटले आणि मी आणलेली नवी खरेदी सापडली. एकेक वस्तू बंद करून वेग बघत गेलो. पहिला चोर रस्त्यावर घेतलेला मोबाइल चार्जर. स्वस्त चार्जरमध्ये गोंगाट अडवणारे भागच वगळलेले असतात, त्यामुळे त्याची सगळी खरखर वायरीवर सांडते. त्याला स्पाइक गार्डच्या बोर्डावर हलवलं. त्या बोर्डातली गाळणी अशी खरखर खाते. म्हणूनच अडॅप्टर मात्र तसल्या बोर्डात कधी खोचू नये. ती गाळणी त्याचा सिग्नलही तेवढ्याच आवडीने खाते. त्याला थेट भिंतीतलं सॉकेट.

दुसरा चोर पंख्याचा रेग्युलेटर. ज्याचं बटण टप्प्यांशिवाय सरसर फिरतं तो रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक अर्ध्या हेलकाव्याचा तुकडा कापतो, म्हणजे सेकंदाला 100 वेळा झटका देतो. पंखा एकदम पूर्ण वेगात टाकला की झटके जवळपास थांबतात आणि नेट सुधारतं. चोर ओळखायची हीच खूण. पूर्ण वेगात काम करून पाहिलं, पण कागद उडाले.

आप्पा माळ्यावर चढले आणि 1960 च्या दशकातला काळा, डब्याएवढा जड रेग्युलेटर घेऊन उतरले. त्यात नुसती तारेची वेटोळी. वीज कापत नाही, जास्तीची जाळून टाकते. तापतो, वीज फुकट घालवतो, पण झटके देत नाही. टप्प्याटप्प्यांचा नवा कपॅसिटरवालाही चालला असता, असं मामा म्हणाले, पण आप्पांचा चेहरा पाहून गप्प बसले. वेग 130 वर गेला. आता घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी तो रेग्युलेटर दाखवला जातो, मग चहा.

राहिला मिक्सर. त्याच्या मोटरीतल्या कार्बन ब्रशांच्या ठिणग्यांवर इलाज नाही, आणि आईच्या स्वयंपाकाच्या वेळेवर तर नाहीच. सकाळच्या मीटिंगमध्ये माझा चेहरा तोंड उघडून गोठतो. हैदराबादचे साहेब आता "आवाज येतोय का?" असं विचारत नाहीत. ते घड्याळ बघतात आणि म्हणतात, "आज शेंगदाण्याची की खोबऱ्याची?"