एका अत्तेचा फैसला

कन्नड कथांचे मराठी करण्याची कामगिरी मी स्वखुशीने पत्करली आणि पहिल्या कथेच्या पहिल्याच वाक्याने माझी वाट अडविली. वाक्य एवढेच होते: ‘अत्ते बंदरु.’ कोणी एक अत्ते आल्या; परंतु कन्नडात अत्ते म्हणजे बापाची बहीण, मामाची बायको आणि नवऱ्याची किंवा बायकोची आई, या सर्वच. शिवाय ‘बंदरु’ हे आदरार्थी रूप तिघींनाही चालते. मराठीत मात्र आत्या ‘आली’ म्हणावे आणि सासूबाई ‘आल्या’ म्हणावे, असा मानमरातबाचा स्वतंत्र कायदा असल्यामुळे, नाते कळल्याविना क्रियापदसुद्धा लिहिता येईना. ज्या म्हैसुरात केंद्र सरकारने १९६९ साली भारतीय भाषा संस्थान स्थापिले, तेथे बसून मी एका म्हातारीची ओळख पटवीत होतो!

माझ्या घरमालकीणबाईंना विचारले. “अत्ते म्हणजे अत्ते,” असा खुलासा करून, मराठीत या बायका निरनिराळ्या असतात हे ऐकताच त्या म्हणाल्या, “म्हणजे मुलीला सासू बाहेरून आणावी लागते? केवढा खर्च!” त्यांच्या विनोदात शास्त्र होते. जेथे मुलगी आत्याच्या किंवा मामाच्या घरी देण्याची रीत, तेथे आत्या वा मामीच पुढे सासू होते आणि भाषेला तिघींसाठी एकच शब्द पुरतो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात बसविले आहे. याचा दाखला आमच्याच घरात सापडतो, कारण जुन्या सुना सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणत. आत्याचा नवरा मामा कसा, हे कोडे मराठीत सुटत नाही. कन्नडात दोघेही ‘माव’च असल्यामुळे ते पडतच नाही.

अनुवादकाची पहिली तजवीज म्हणजे निर्णय राखून पुढे वाचणे. बऱ्याच पानांनंतर त्या बाईंचा मुलगा नायिकेच्या पत्रिकेवर डोळा ठेवून बसल्याचे उघड झाले: त्या आत्या होत्या आणि सासू होऊ घातल्या होत्या. ‘आत्या आली’ लिहावे तर पुढचे सासूपण गडप होते. ‘सासूबाई आल्या’ लिहावे तर कथा पहिल्याच ओळीत फुटते. तेव्हा ‘आत्याबाई आल्या’ असे लिहिले. क्रियापदाचा मानही राहिला आणि लेखकाचे गुपितही.

हा डाव प्रत्येक वेळी साधत नाही. पुढच्या कथेतली अत्ते मामी निघाली. तेथे ‘मामाच्या पाठोपाठ अत्ते आल्या’ असे लिहून मूळ शब्द ठेवला आणि नाते शेजारच्या शब्दाकडून वदवून घेतले. तिसऱ्या कथेत मात्र, इकडच्या कित्येक घरांतील जुन्या चालीप्रमाणे, मुलगी सख्ख्या मामालाच दिली आहे. त्या हिशेबाने तिची सासू म्हणजे आजी आणि नणंद म्हणजे जन्मदाती आई. नणंदेच्या जाचाचा एक प्रसंग त्यात आहे. तो मराठीत कसा उतरवावा याची मसलत मालकीणबाईंशी चालू आहे. त्यांचे म्हणणे, आईने जाच केला तर त्यात लिहिण्यासारखे काय आहे?