आदरणीय सर/मॅडम, सोबत बायबल जोडले आहे

ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा प्रॉडक्शन हाउसला मेल पाठवतो तो रात्री पावणेतीनला. दिवसा पाठवला तर चालणार नाही असं नव्हे, पण दिवसा तो झोपलेला असतो. मेलच्या विषयात ‘लहान मुलांच्या मालिकेबाबत’ एवढंच असतं आणि सुरुवात ‘आदरणीय सर/मॅडम’ अशी. समोरचा माणूस कोण हे शोधायला दोन मिनिटं लागली असती. पण ती दोन मिनिटं आणि पुढचे दोन तास तो मालिकेच्या नावाचा फॉन्ट ठरवण्यात घालवून बसलेला असतो.

या चिरंजिवांना ओळखायची आणखी एक खूण म्हणजे जोडलेली फाइल. मालिकेचा सगळा मालमसाला ज्यात बांधून देतात त्या दस्तऐवजाला धंद्यात ‘बायबल’ म्हणतात. पहिल्या भेटीला ते सहसा दहा-पंधरा पानांत भागतं. चिरंजिवांचं चौसष्ट पानांचं असतं आणि त्याचं नाव `Yashwanti_Bible_FINAL_final2.pdf` असं काहीतरी. जीमेल पंचवीस एमबीच्या वरची फाइल जोडून घेत नाही, म्हणून ती ड्राइव्हवर चढते. मॅडम सकाळी चहाचा कप हातात घेऊन लिंक उघडतात, तर समोर ‘Request access’. त्या परवानगी मागतात. ती मिळते दुपारी दीड वाजता, साहेब उठल्यावर.

इथे मॅडमविषयी थोडं सांगायला हवं, कारण चिरंजिवांचा सगळा घोळ मॅडम नेमकं काय करतात हे माहीत नसल्यामुळे होतो. त्यांचं प्रॉडक्शन हाउस म्हणजे कोथरूडमधला तीन खोल्यांचा फ्लॅट. तिथे पाच-सहा पोरं काम करतात. पोट भरतं ते चाकणच्या कारखान्यांच्या सुरक्षा-फिल्मांवर, एखाद्या बँकेच्या जाहिरातीवर आणि शाळांसाठीच्या व्हिडिओंवर. चिरंजिवांना वाटतं, मॅडम मालिका ‘घेतील’. मॅडमकडे मालिका घ्यायला पैसे नसतात. पैसे असतात चॅनेलकडे किंवा ओटीटीवाल्यांकडे. मॅडमना ती मालिका घेऊन त्यांच्या दारात उभं राहावं लागतं, आणि तिथे बसलेला माणूस पहिल्या मिनिटात तीनच गोष्टी विचारतो: किती वर्षांच्या मुलांसाठी, एक भाग किती मिनिटांचा आणि एकूण भाग किती. त्यामुळे मॅडम मेलमध्येही तेच शोधतात. बाकीचं गोड वाटलं तर नंतर वाचतात.

चिरंजिवांची उत्तरं अशी असतात: वयोगट पाच ते पन्नास. एक भाग बावीस मिनिटांचा. भाग एकशे चार.

पाच ते पन्नास म्हणजे चिरंजिवांच्या मते सगळं कुटुंब. चॅनेलच्या मते म्हणजे कुणीच नाही. दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या कार्यक्रमाची जात वेगळी, सहा ते अकरा वर्षांच्यांची वेगळी; दिवसातल्या वेळाही वेगळ्या आणि जाहिरातीही. चार वर्षांच्या मुलाला खलनायकाचा भूतकाळ सांगून काही उपयोग नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाला रंग ओळखायला लावलं तर तो अपमान झाल्यासारखा उठून जातो.

मिनिटांचा हिशेब तर एकदा कागदावर मांडायलाच हवा. हाताने काढलेलं ॲनिमेशन साधारण सेकंदाला बारा चित्रांवर चालतं. पडद्यावर चोवीस फ्रेम धावतात, पण एक चित्र दोन फ्रेम टिकतं. बावीस मिनिटांचे झाले तेराशे वीस सेकंद. म्हणजे एका भागाला १५,८४० चित्रं. गुणिले एकशे चार: सोळा लाख सत्तेचाळीस हजार तीनशे साठ. चिरंजिवांची कॉलेजची फिल्म तीन मिनिटांची होती आणि तिला वर्ष गेलं. त्याच वेगाने ही मालिका एकट्याने पुरी करायला सातशे त्रेसष्ट वर्षं लागतील. आज संपवायची असती, तर ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी बैठक मारायला हवी होती.

अर्थात मालिका अशा हाताने काढत नाहीत. पात्राचे हातपाय, डोळे, ओठ सुटे करून एकदाच बाहुलीसारखे जोडतात. त्याला रिग म्हणतात. मग तीच बाहुली भागामागून भाग हलवायची. खर्च वाचतो तो या ‘त्याच’मुळे. तोच नायक, तेच कपडे, तेच गाव. ‘छोटा भीम’ २००८ साली पोगोवर आला तेव्हापासून मालिकेत सहसा ढोलकपूर सोडून फार लांब कुठे जात नाही आणि टुनटुन मावशीचं लाडवांचं दुकान जागचं हलत नाही, यात आळस नाही. ते दुकान एकदा रंगवलं की झालं.

आता चिरंजिवांची ‘यशवंती’ पाहू. तानाजीच्या घोरपडीची दंतकथा मराठी घरात सगळ्यांना ठाऊक आहे. चिरंजिवांच्या मालिकेत तिची आजची वंशज बोलते, आणि चार पोरांना घेऊन गडांचं रक्षण करते. कल्पना वाईट नाही. पण प्रत्येक भागात नवा गड. म्हणजे प्रत्येक भागाला नवी तटबंदी, नवा दरवाजा, नवं टाकं, आणि टाक्यात पाणी. पाणी हलवणं म्हणजे काय असतं ते हलवणाऱ्यालाच विचारावं. नायकाच्या डोक्याला फेटा, फेट्याला वाऱ्यावर उडणारा शेमला. नायिकेची आजी नऊवारीत, आणि आजी गड चढते, म्हणजे प्रत्येक पावलाला निऱ्या. शिवाय दर भागाच्या शेवटी घोडदळ दौडत येतं. दोन पायांचा माणूस नीट चालवता आला की विद्यार्थी दुसऱ्या वर्षातून तिसऱ्यात जातो. चार पायांचा घोडा दौडवताना मुरलेली माणसंही आधी घोड्याचे व्हिडिओ फ्रेम-फ्रेम करून बघतात. चिरंजिवांनी घोडे लिहिलेत चाळीस.

मॅडमनी छापील पानांवर लाल पेन्सिलने खुणा केल्या. शेमल्याला गोल. पाण्याला गोल. घोड्यांपाशी पेन्सिलचं टोक मोडलं.

चौसष्टपैकी बारा पानं ‘विश्वरचने’ची होती: गडांच्या खालची भुयारं, भुयारांतली सात कुळं, कुळांची निशाणं. पाच पानं गाण्यांची. एक पान व्यापाराचं, त्यात दप्तर, डबा, पाण्याची बाटली आणि ‘जागतिक बाजारपेठ’. दुसऱ्याच पानावर तांबड्या अक्षरांत इशारा होता की ही कल्पना गोपनीय असून वाचण्यापूर्वी करारावर सही करावी. मॅडम अशी सही करत नाहीत, आणि त्यात खोड नाही. कायदा नुसत्या कल्पनेला हक्क देत नाही. ती ज्या रूपात लिहिली-काढली जाते त्या रूपाला देतो. बोलणारा प्राणी आणि किल्ला हे समीकरण मॅडमच्या इनबॉक्समध्ये आधीच वेगवेगळ्या पोरांकडून आलेलं आहे. एकात घार, एकात खेकडा. त्या सगळ्यांशी करार केले तर पुढे स्वतःची मालिका काढायला त्यांना प्राणीच उरणार नाही.

मग पान एकतीस.

त्या पानावर पात्रांचे आराखडे होते, समोरून, तिरके, बाजूने, पाठीमागून, जसे असायला हवेत तसे. आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलने काढलेलं एक बारकं चित्र. घोरपड तटाला चिकटलेली, डोळे घट्ट मिटलेले, शेपूट खालच्या झुडपाला गुंडाळलेली. बाजूला अक्षरं: ‘यशवंतीला उंचीची भीती वाटते (गंमत म्हणून).’

अख्ख्या फाइलमध्ये मालिका एवढीच होती, आणि तिच्या मालकाला ती कंसात टाकावीशी वाटली. जिच्या पणजीने कडा चढून नाव काढलं ती घोरपड स्टुलावरही चढत नाही. पाच वर्षांच्या पोराला हे समजवायला ना भुयार लागतं, ना कुळ. दर भागात तिला काहीतरी उंचावर ठेवलेलं हवं असतं, बस्स. एक वाडा, एक अंगण, एक तट पुरतो. घोडे आपोआप घरी जातात.

या जातीच्या मुलांचं हे नेहमीचं आहे. जे त्यांना सहज सुचतं त्याची त्यांना लाज वाटते आणि जे घाम गाळून रचलेलं असतं त्याचाच अभिमान. क्रेग मॅक्रॅकन हा अमेरिकन पोरगा कॅलआर्ट्समध्ये शिकत असताना १९९२ मध्ये तीन मुलींवरची छोटीशी फिल्म करून मोकळा झाला. तिचं मूळ नाव मुलांच्या चॅनेलवर उच्चारण्यासारखं नव्हतं. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्कवर, नाव बदलून, त्यातल्या पात्रांची एक लघुफिल्म आली आणि १९९८ मध्ये ‘पॉवरपफ गर्ल्स’ ही मालिका. या मुलींना नाक नाही, बोटं नाहीत, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

मॅडमनी उत्तर लिहिलं ते चार ओळींचं. ‘अरे, पान ३१ वरची घोरपड ठेव, बाकी बाजूला ठेव. वय ४ ते ७, भाग ७ मिनिटं, पहिले २६. मला दीड मिनिटाचं ॲनिमॅटिक दाखव, रंग नको. कॉलेजच्या प्रोजेक्टचे हक्क तुझ्याकडे आहेत की कॉलेजकडे, ते लेखी विचारून घे.’

शेवटची ओळ चिरंजिवांनी तीनदा वाचली. हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. मग त्यांनी दीड पानाचं आभारपत्र लिहिलं आणि तळाशी विचारलं, सात मिनिटांत गडांचा इतिहास कुठे बसवू? मॅडमचं उत्तर: ‘शीर्षकगीतात.’

ॲनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची कच्ची चित्रं आवाजावर वेळेनुसार लावलेली. नटवण्याची सोय नसते, म्हणून त्यात विनोद आहे की नाही ते लगेच कळतं. चिरंजिवांचं आलं, अर्थात रात्री. घोरपडीला आवाज हॉस्टेलमधल्या मित्राचा, मागे पंख्याची घरघर. पहिली वीस सेकंदं सूर्योदय होता, तो मॅडमनी पुढे सरकवला. चाळिसाव्या सेकंदाला पोरं यशवंतीच्या कमरेला दोर बांधतात, पतंग अडकलाय तिथे बोट दाखवतात, आणि ती शांतपणे म्हणते, “आज मंगळवार. आमच्यात मंगळवारी चढत नाहीत.” मॅडम हसल्या. मग बाहेरच्या खोलीतल्या एडिटरला बोलावून त्यांनी तेवढंच पुन्हा लावलं. तोही हसला, आणि तो सहसा हसत नाही.

आता ते चॅनेलकडे जाईल, आणि तिथून उत्तर यायला महिने लागतील. येईलच असंही नाही. तोवर चाकणच्या फिल्मसाठी हेल्मेट घातलेला एक कामगार रिग करायचा होता. मॅडमनी चिरंजिवांना बोलावून घेतलं, रोजचे पैसे ठरवले आणि खुर्ची दिली. दुपारपर्यंत मान खाली घालून त्यांनी कामगाराचे कोपर-गुडघे जोडले. मग हळूच विचारलं, “मॅडम, याच्या हेल्मेटला मागे एक छोटासा शेमला दिला तर?”