मिसळ, द्वारका आणि पाच चेहरे

मार्च जवळ आला की अंबडच्या आमच्या कारखान्यातल्या हिशेब खात्याची माणसं माणसात राहत नाहीत. मी त्यातलाच. पण यंदा जानेवारीतच मी पेपरवाल्यावर, लिफ्टवर आणि कुकरच्या शिट्टीवरही खेकसायला लागलो, तेव्हा पुण्याला शिकणाऱ्या लेकीने माझ्या फोनवर मूड नोंदवायचं एक अ‍ॅप टाकून दिलं. "बाबा, रोज रात्री नऊला विचारेल. खरं काय ते सांगायचं."

पहिल्याच रात्री नऊला फोन म्हणाला, "आज कसं वाटतंय?" आमच्या घरात हा प्रश्न इतक्या सभ्यपणे प्रथमच विचारला गेला. उत्तराला पाच चेहरे. वरचा दात दाखवणारा, तळाचा रडवेला, आणि मधला पगारवाढीचा अर्ज वाचणाऱ्या साहेबांसारखा, कसलाच पत्ता लागू न देणारा. चेहरा निवडला की त्या दिवशी काय काय केलं, त्यावर खुणा करायच्या: काम, प्रवास, झोप, खाणं.

महिन्याभराने अ‍ॅपने निष्कर्ष काढला. मिसळ खाल्ली त्या दिवशी माझा मूड उत्तम, द्वारका चौकातून गेलो त्या दिवशी सर्वांत वाईट. नाशिककराला याहून गोड निदान कोण देणार? मी ते घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सौभाग्यवती भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, मिसळ तुम्ही रविवारीच खाता. रविवारी कारखाना बंद असतो."

प्रश्नच मिटला. दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या एवढंच अ‍ॅपला दिसतं. कोणामुळे काय झालं, ते दिसत नाही. पंचवटीतून अंबडला जाताना माझ्या वाटेत द्वारका लागतेच, म्हणजे द्वारकेचा दिवस हा कामाचाच दिवस. तरी खात्री करावी म्हणून एका बुधवारी सकाळी मिसळ खाऊन कामावर गेलो. रात्री चेहरा खालून दुसरा, वर जळजळ. एका बुधवाराने काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण दुसऱ्या बुधवारी मिसळ खायची परवानगी मिळाली नाही.

खरी गंमत आलेखाची. माझा ताण वाढत होता आणि आलेख मात्र सपाट. जानेवारीत मी मधला चेहरा दाबायचो, तेव्हा साडेसातला घरी येऊन, जेवून, अकराला झोपत होतो. फेब्रुवारीच्या अखेरीस नऊला घरी, पहाटे तीनला जाग आणि पुढे छताकडे बघत बसणं. पण आज कोणी ओरडलं नाही, म्हणून पुन्हा मधलाच चेहरा! ताण हळूहळू वाढला की 'ठीक'ची व्याख्याही त्याच्याबरोबर गुपचूप खाली सरकते, आणि मोजपट्टीच सरकली तर अ‍ॅप बिचारं काय मोजणार? सौभाग्यवतींचा आलेख वेगळा होता: "झोपेत दात खाता. आम्लपित्ताच्या गोळ्यांची पट्टी महिनाभर पुरायची, आता आठवड्यात संपते." तेव्हापासून मी चेहऱ्याच्या खाली मोजता येणाऱ्या गोष्टी लिहू लागलो: किती वाजता झोपलो, कधी जाग आली, गोळ्या किती. तिथे मात्र चढण स्पष्ट दिसली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तर अ‍ॅपने माझं अभिनंदन केलं. मूड सुधारला होता म्हणे! बारकाईने पाहिलं तर बहुतेक चौकटी रिकाम्या. वाईट दिवशी रात्री नऊला मी व्हाउचरांच्या ढिगाखाली होतो. चेहरा निवडायला सवड मिळाली ती लवकर घरी आलो त्या दिवशी. सरासरी भरलेल्या चौकटींचीच निघते. म्हणून असा आलेख वाचताना मी आता रंगीत चौकटींच्या आधी रिकाम्या चौकटी बघतो. तसं हे यंत्र आधीही, रोज नोंद व्हायची तेव्हा, तळाचा रडवेला चेहरा दाबला तरी म्हणायचं, "शाब्बास, सलग सात दिवस नोंद!"

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी ब्लड प्रेशर पाहिलं, थायरॉइडची तपासणी लिहून दिली, कारण चिडचिड आणि निद्रानाश नुसत्या मनातूनच येतात असं नाही. मग गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारलं: झोप, भूक, कामातला रस. एरवी मी "बरं चाललंय" म्हणून मोकळा झालो असतो. इथे तारखांनिशी झोपेची नोंद पुढे केली, आणि तेवढ्यापुरतं अ‍ॅप कामाला आलं. डॉक्टरांनी चेहरे पाहिलेच नाहीत. रिकाम्या चौकटींवर बोट ठेवून म्हणाले, "इथे काय झालं?"

तेव्हा अ‍ॅप जरूर वापरा, पण नोंद झोपेची ठेवा आणि ती माणसाला दाखवा. दोन आठवडे झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर आलेख पूर्ण व्हायची वाट पाहू नका. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचं माणूस मराठीतही बोलतं.