पॅकेज, प्लॉट आणि पहिली भेट

कांदेपोहे गेले, कॅपुचिनो आली. प्रश्नपत्रिका मात्र तीच राहिली. पॅकेज किती, फ्लॅट कुठे, पाच वर्षांनी कुठे असशील? फरक इतकाच की पूर्वी हे मामा विचारायचे, आता उमेदवार स्वतःच विचारतो.

हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 साली स्पीड डेटिंगमधली संभाषणं तपासली. समोरच्याच्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी होकार जास्त मिळाले होते. म्हणजे प्रश्न जास्त झाले तरी चालतात, फक्त आधीचं उत्तर ऐकलेलं असावं लागतं. इथेच गाडी अडते.

समजा, ती म्हणाली, ‘‘दिवाळीत आजीकडे होते, गुहागरला.’’ यावर शूरवीर लगेच, ‘‘अरे, आम्हीपण गेलोय! काय मासे मिळतात!’’ आणि पुढची दहा मिनिटं सुरमई. आजी बिचारी गुहागरातच राहिली. त्याऐवजी त्याने ‘‘आजी एकट्याच असतात का तिथे?’’ एवढंच विचारलं असतं, तर आजीला मुंबईला आणायचं की नाही यावरून घरात चाललेला वाद, त्यात हिची बाजू, गावचं घर म्हणजे जीव की जंजाळ, सगळं आपसूक बाहेर आलं असतं. ‘तुझी मूल्यं काय?’ असं विचारून हे कुणी सांगत नाही. तिथे सगळेच प्रामाणिक आणि कुटुंबवत्सल असतात.

अर्थात, तिच्या आजीबद्दल विचारलं की स्वतःच्याही घरचं थोडं सांगावं लागतं. नाहीतर ती जनगणना होते, आणि प्रगणकाला कुणी दुसऱ्यांदा चहाला बोलावत नाही.