आभाराचा पाव फर्मा

मुलाखत देऊन आल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, आभाराची मेल पाठवायची असते, ही बातमी माझ्या पिढीपर्यंत जरा उशिरा पोचली. माझी भाची एका कंपनीत माणसं निवडण्याचं काम करते, तिने ती पोचवली. मला आनंदच झाला. मुलाखत कशी झाली याबद्दल दुमत असू शकेल, पण आभार हा माझा प्रांत आहे. आमच्या वाचनालयात आभारप्रदर्शन माझ्याशिवाय कोणी करत नाही. दुसरं कोणी तयार होत नाही, असंही याचं कारण काही लोक सांगतात.

आता विषय निघालाच आहे, तर आभारप्रदर्शनाबद्दल थोडं बोलू द्या. वक्ता खाली बसतो, टाळ्या होतात आणि मी माइककडे निघतो, तोवर निम्मी सभा चपला शोधायला लागलेली असते. मागच्या रांगेत पिशव्यांची सळसळ. कोणीतरी कोणाला तरी रिक्षा थांबवायला सांगतं. मी मात्र शांतपणे यादी काढतो. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सभागृह देणारी संस्था, ध्वनिक्षेपकवाले, सतरंजीवाले, चहावाले, हितचिंतक आणि ‘ज्ञात-अज्ञात हातभार लावणारे’. शेवटी अनवधानाने राहिलेल्यांची क्षमा. या यादीतलं कार्यक्रमाचं नाव बदललं, तर तीच यादी नेत्रतपासणी शिबिराला चालते. एकदा चाललीही होती.

फक्त एकदाच मी लोकांना चपलेत अर्धा पाय घालून थांबलेलं पाहिलं. त्या दिवशी आभार मानायला मी नव्हतो, आमच्या चिटणीसबाई होत्या. व्याख्यान चालू असताना वीज गेली होती. बाई म्हणाल्या, “आपल्या शिपायांनी शेवटपर्यंत वक्त्यांच्या कागदावर बॅटरी धरली. हात दुखला तेव्हा हात बदलला, पण उजेड हलू दिला नाही.” बाकी कोणाचंही नाव न घेता त्या खाली बसल्या. शिपाई दाराशी उभे होते, त्यांनी कुठे बघावं ते त्यांना कळेना. मला मात्र ते आभार त्रोटक वाटले होते.

असो. तर मेल. मी ती रात्री लिहिली. ‘आपल्या बहुमूल्य वेळातून’, ‘ऋणात राहू इच्छितो’, ‘आपल्या संस्थेची उज्ज्वल परंपरा’, सगळं होतं. भाचीने वाचून विचारलं, “मामा, हे आभाराचं पत्र आहे की सत्काराला उत्तर?” मग तिने एक परीक्षा सांगितली. संस्थेचं नाव खोडून दुसरीचं घातलं, तरी पत्र चालत असेल, तर ते पाठवूच नकोस. “त्या खोलीत जे बोलणं झालं, त्यातला एकच धागा उचल आणि एक पाऊल पुढे ने. दोन धागे उचललेस तर तू त्यांची शिकवणी घेतोयस असं वाटेल.”

मुलाखत दिली ती जागा होती एका प्रकाशनसंस्थेत, निर्मिती विभागात. टेबलावर एका कथासंग्रहाची प्रुफं होती, ती त्यांनी मला चाळायला दिली. प्रमुख म्हणाले, पुस्तक 212 पानांचं होतंय, किंमत आवाक्यात कशी ठेवायची तेच कळत नाही. यावर मी मराठी वाचक पुस्तकाला पैसे का मोजत नाही, या विषयावर बोललो. बराच वेळ बोललो आणि चांगलं बोललो. एकाने घड्याळही पाहिलं.

घरी येताना बसमध्ये 212 हा आकडा टोचायला लागला. आयुष्य छापखान्यात गेलेल्या माणसाला पानांचा आकडा ऐकला की 16 ने भागायची सवय असते. कागदाच्या एका तावावर पुढून 8 आणि मागून 8 पानं छापायची आणि घडी घालायची, की झाला 16 पानांचा फर्मा. 13 फर्म्यांची 208 पानं होतात. 212 म्हणजे 13 फर्मे आणि वर 4 पानं, अर्थात पाव फर्मा. या पाव फर्म्यासाठी प्लेट वेगळी, यंत्र पुन्हा लावायचं, आणि हजार प्रती असतील तर बांधणीवाल्याने तो चतकोर हजार वेळा घडवायचा, जुळवायचा, शिवायचा. पानं चारच, पण त्यांचा खर्च चार पानांइतका कधीच नसतो.

ती चार पानं काढायची कुठून? प्रुफं चाळताना दिसलं होतं, की प्रत्येक कथा उजव्या पानावरच सुरू होते. आधीची कथा उजव्याच पानावर संपली, की तिच्या पाठीमागचं पान कोरं जातं. अशी चारपेक्षा जास्त कोरी पानं होती. कथा डाव्या पानावरही सुरू होऊ दिल्या, तर लेखकाच्या एका शब्दालाही धक्का न लावता 208 जमत होतं. दुसरा मार्गही माझ्या डोळ्यांत भरला होता. लेखकाचा ऋणनिर्देश बरोबर चार पानांचा होता. पण आभाराच्या पत्रातून दुसऱ्याचे आभार कापायची सूचना करणं मला प्रशस्त वाटेना.

शेवटी मेल गेली ती अशी:

‘काल वेळ दिलात आणि कथासंग्रहाची प्रुफं मोकळेपणाने दाखवलीत, याबद्दल आभार. 212 पानांचा विचार घरी येतानाही चालू होता. आपला मुद्रक 16 पानी फर्म्यावर छापत असेल, तर शेवटी पाव फर्मा उरतो. लेखकाची हरकत नसेल, तर कथा डाव्या पानावरही सुरू करता येतील. कोरी पानं वाचतील आणि पुस्तक 208 पानांत, म्हणजे नेमक्या 13 फर्म्यांत बसेल, असा माझा अंदाज आहे.’

‘असेल, तर’ हे शब्द भाचीने घालायला लावले. त्यांचा मुद्रक कोणत्या आकाराच्या यंत्रावर छापतो, हे मला ठाऊक नव्हतं, आणि लेखकाशी त्यांचं काय ठरलंय हेही नव्हतं. किती रुपये वाचतील, तेही मी लिहिणार होतो. तिने ते खोडलं. त्यांचा दर माहीत नसताना आकडा टाकला, की बरोबर असलेला मुद्दाही पडतो. निकाल कधी कळेल हा प्रश्नही तिने ठेवू दिला नाही.

उत्तर आलं नाही. अशा मेलने नोकरी मिळत नाही. दोन उमेदवार सारखेच वाटत असतील तर फार तर एकाचं नाव लक्षात राहतं, हे भाचीने आधीच सांगितलं होतं. त्यामुळे निवड न झाल्याचं दुःख नव्हतं. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. आमचा छापखाना बंद पडल्यावर माझ्यासारखी पन्नाशीतली माणसं प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढून, इस्त्रीचा शर्ट घालून जातात, अर्धा दिवस बाकावर बसतात, ‘कळवतो’ ऐकून घरी येतात. मग घरात फोन वाजला की सगळे आपल्याकडे बघतात. आभार मानायचा शिष्टाचार फक्त उमेदवाराने शिकायचा, आणि कळवायचा कोणीच नाही, हा कुठला न्याय?

पुढे तो कथासंग्रह दुकानात दिसला. मी आधी शेवटचं पान उघडलं. 208. कथा डाव्या पानावरही सुरू होत होत्या. हे त्यांना आपसूकही सुचलं असेल, छापखान्यातल्या कोणालाही सुचू शकतं. पण मी ते मानत नाही. मग ऋणनिर्देश उघडला. तो अजूनही चार पानांचाच होता. त्यात मांजराचंसुद्धा नाव होतं, माझं नव्हतं. पुस्तक मात्र मी विकत घेतलं.

तेव्हा मुलाखती घेणाऱ्या मंडळींना एकच विनंती. घेणार नसाल तर तसं कळवा. त्याला फर्मा लागत नाही, एक ओळ पुरते.